डाळीला आणि रायत्याला धुंगार: कोळसा, तूप आणि झाकणाखालची चार मिनिटं

धुंगार म्हणजे लाल निखाऱ्यावर तूप सोडून, वर झाकण ठेवून पदार्थाला धुराचा वास देणं. त्यात कोळशाचा वास लागतो, असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच गणित चुकतं. लाकडातला धुराचा सुगंध देणारा बहुतेक भाग कोळसा तयार होतानाच जळून उडून गेलेला असतो. नीट फुललेला लाकडी कोळसा धूर जवळजवळ करतच नाही, म्हणून तर कणीसवाल्याच्या शेगडीवर कोळसा लाल असतो तेव्हा डोळे चुरचुरत नाहीत. झाकणाखाली दाटतो तो धूर तुपाचा. साजूक तूप साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास धुरकटू लागतं आणि लाल निखारा त्याच्या दुपटीहून जास्त तापलेला असतो. तुपाचा थेंब पडताक्षणी जळून धूर होतो आणि तोच डाळीवर किंवा दह्यावर बसतो. कोळसा म्हणजे नुसती आच, चव तुपाची. एवढं लक्षात ठेवलं की कोळसा किती फुलवायचा, तूप किती घालायचं, झाकण कधी उघडायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं.

राजस्थानात आणि लखनौकडे धुंगार मुख्यतः मांसाच्या पदार्थांना देतात. ‘लाल मास’ या राजस्थानी मटणाच्या रश्शात तुपाबरोबर निखाऱ्यावर लवंग टाकायची पद्धत प्रसिद्धच आहे. पण घरच्या स्वयंपाकात तो शोभतो डाळीला आणि दह्याला. दोन्हींना फारसं काही करावं लागत नाही आणि दोन्हींत थोडी स्निग्धता असते. धुरातले सुगंधी घटक पाण्यापेक्षा तुपातेलात जास्त चांगले विरघळतात. म्हणूनच पातळ पाणीदार वरणाला धुंगार दिला तर तो पहिल्या घासापुरता टिकतो आणि वर तुपाची फोडणी तरंगत असेल तर जेवण संपेपर्यंत राहतो.

कोळसा कुठला घ्यायचा

सगळ्यात जास्त धोका इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हवा तो साधा लाकडी कोळसा, इस्त्रीवाला किंवा कणीसवाला वापरतो तोच. त्यांच्याकडून चार तुकडे मागून आणले तरी पुष्कळ दिवस पुरतात. कोकणात किंवा गोव्यात करवंटीचा कोळसा मिळत असेल तर तोही उत्तम, तो घट्ट असतो आणि राख कमी झाडतो. गावाकडे चूल पेटत असेल तर चुलीतला धग धरलेला निखारा सरळ उचलावा, वेगळा कोळसा पेटवायची गरजच नाही.

नको तो कोळसा म्हणजे पूजेच्या दुकानात धूप घालायला मिळणाऱ्या काळ्या गोल वड्या. काडी लावली की तडतडत कडेकडेने पेटत जातात त्या. त्यांत पटकन पेट घेण्यासाठी रसायन मिसळलेलं असतं. देवघरातल्या धूपदाणीत त्या ठीक, पण जेवणाच्या भांड्यात झाकून ठेवायच्या नाहीत. हुक्क्याच्या झटपट पेटणाऱ्या वड्यांचंही तेच. बार्बेक्यूसाठी विकतात त्या एकसारख्या आकाराच्या दाबून केलेल्या विटा असतील तर पाकीट वाचा, त्यात पेटवायचं द्रव्य किंवा चिकटवण्यासाठी काही घातलेलं असतं. दगडी कोळसा तर स्वयंपाकघरात आणूच नये, त्यात गंधक असतं.

चांगला कोळसा ओळखायची जुनी खूण अशी की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटणीत आवाज येतो. आवाज बसका आला तर तो ओलसर आहे किंवा आतून नीट जळलेला नाही. मोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो तुकडा बाजूला टाका, कारण तो पेटल्यावर स्वतःचाच कडवट धूर सोडेल. ओल्या कोळशाचा त्रास वेगळाच. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो आणि ठिणग्या उडवतो. पावसाळ्यात घरात पडून राहिलेला कोळसा वापरायच्या आदल्या दिवशी उन्हात ठेवावा, ऊन नसेल तर गॅस बंद केल्यावर गरम तव्यावर थोडा वेळ ठेवावा.

आकार लिंबाएवढा. एवढ्या तुकड्यात चार जणांच्या डाळीला लागेल तेवढी धग सहज असते. मोठा घेतला तर फुलायला वेळ लागतो आणि पुढे तो विझवायचं कामही वाढतं.

आधी सगळं हाताशी

कोळसा लाल झाला की शोधाशोध करायला वेळ नसतो, म्हणून पेटवण्याआधीच मांडामांड करून घ्यावी. लांब चिमटा किंवा घट्ट पकडणारी सांडशी, पापड भाजायची लोखंडी जाळी, दोन छोट्या स्टीलच्या वाट्या, डाळीच्या पातेल्यावर नीट बसणारं स्टीलचं झाकण किंवा ताट, लांब दांड्याच्या चमच्यात अर्धा चहाचा चमचा पातळ केलेलं तूप, आणि अर्धं पाण्याने भरलेलं खोलगट स्टीलचं पातेलं. हे शेवटचं कोळसा विझवण्यासाठी, आणि ते नसेल तर कोळसा पेटवूच नये.

वाट्या स्टीलच्याच घ्याव्यात. काचेची किंवा चिनी मातीची वाटी एका जागी एकदम तापली की तडकू शकते, प्लास्टिकचं तर बोलायलाच नको. दोन वाट्या कशाला, तर एक उपडी घालायची आहे, ती डाळीत बुडवून तळाशी टेकवायची. तिच्या पाठीवर दुसरी, कोळशाची वाटी बसते. नुसती वाटी डाळीवर सोडली तर ती होडीसारखी तरंगते, कलंडते आणि निखारा डाळीत जातो. कांदा कोरून त्याच्या वाटीत निखारा ठेवतात तेही चालतं, कांद्याच्या जळक्या कडेचा थोडा गोडसर वासही मिळतो, पण रुंद बुडाचा आणि जाड पाकळ्यांचा कांदा हवा, नाहीतर तो मऊ पडून वाकतो.

कोळशाचा तुकडा छोटा असला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. उत्तरेकडे थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचे जीव याच वायूने जातात. लिंबाएवढा तुकडा उघड्या खिडकीच्या स्वयंपाकघरात काही मिनिटं पेटला तर घाबरायचं कारण नाही. पण एसी लावून दारं लावलेल्या खोलीत, खोलीला खिडकीच नसताना, किंवा जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर थाट म्हणून पेटता कोळसा ठेवून गप्पा मारत बसू नये. डोकं जड वाटलं किंवा गरगरलं तर सगळं सोडून आधी मोकळ्या हवेत जावं. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवलेलं बरं.

खिडकी उघडी, पण पंखा बंद. पंख्याने राख आणि ठिणग्या उडतात. गॅसवरच्या चिमणीची जाळी तेलाने माखलेली असेल तर तिच्याखाली कोळसा पेटवू नका, ठिणगी वर ओढली जाते आणि तिथे साचलेलं तेल पेट घेऊ शकतं. जाळी धुतलेली असेल तर चिमणी चालू ठेवायला हरकत नाही. ओढणी आणि पदर खोचून घ्यावेत, केस बांधावेत.

डाळ: चार जणांसाठी

पाऊण वाटी तुरीची आणि पाव वाटी मुगाची डाळ हळद, हिंग घालून शिजवून घोटून घ्या. पाणी बेताचं, वरणापेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ राहील इतकंच. मीठ घालून एक उकळी काढा. फोडणी तुपाचीच करा. दोन चमचे तुपात जिरं, लसणाच्या सहा-सात ठेचलेल्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, शेवटी चिमूटभर लाल तिखट, आणि ती डाळीवर ओता. ढवळायचं नाही. हे वरचं तूपच धूर धरून ठेवणार आहे. कोथिंबीर आणि लिंबू आत्ता नको, ते झाकण काढल्यावर.

आता गॅस बंद करून पातेलं उतरवा आणि पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. ही पायरी सहसा गाळली जाते. उकळत्या डाळीची वाफ झाकणाला आदळून पाणी होते, ते पाणी परत खाली ठिबकतं, निखाऱ्यावर पडलं तर राख उडते आणि निखारा मंदावतो. शिवाय वाफेने भरलेल्या पातेल्यात धूर पदार्थावर बसण्याऐवजी फटीतून बाहेर निघतो. डाळ गरम हवी, पण उकळती नको.

तेवढ्या वेळात जाळी मोठ्या आचेवर ठेवून तिच्यावर कोळसा ठेवा. तो सरळ बर्नरवर ठेवला तर त्याचे कण भोकांत शिरतात आणि दुसऱ्या दिवशी ज्योत वाकडी येते. पाच ते आठ मिनिटांत कोळसा तयार होतो, दर मिनिटाला चिमट्याने फिरवायचा. सुरुवातीला जो थोडा धूर आणि ठिणग्या येतात त्या संपल्या पाहिजेत, त्या वेळी चेहरा लांब ठेवा. तयार झाल्याची खूण अशी की एकही बाजू काळी उरलेली नाही, कडांवर पांढरी राख धरली आहे आणि हलकी फुंकर घातली की आतून नारिंगी धग उजळते. अर्धा काळा कोळसा घाईने डाळीत ठेवला तर त्याच्या न पेटलेल्या भागाचा डांबरी वास लागतो आणि तो काही केल्या जात नाही.

घरी इंडक्शनच असेल तर कोळसा त्यावर पेटणार नाही. गॅलरीत छोट्या शेगडीवर किंवा केक भाजायच्या हातातल्या गॅस टॉर्चने उघड्यावर पेटवावा. परदेशात राहणाऱ्यांनी धुराचा भोंगा बंद करण्यापेक्षा हे काम घराबाहेर मोकळ्या जागेत करावं, आणि इमारतीत गॅलरीत कोळसा पेटवायला परवानगी आहे का ते आधी पाहावं.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं आहे. गॅस बंद करा. उपडी वाटी डाळीत टेकवून तिच्यावर दुसरी वाटी बसवा. निखारा चिमट्यात धरून पातेल्याबाहेर हलकेच झटका, म्हणजे सुटी राख पडेल. राखेचा जाड थर राहिला तर तूप त्यातच शोषलं जातं आणि धूर निघत नाही. निखारा वाटीत ठेवा. डाव्या हातात झाकण तयार धरा आणि मगच उजव्या हाताने चमचा जरा लांबून तिरपा करून तूप सोडा. सणसणीत आवाज होऊन पांढरा धूर उसळेल. लगेच झाकण.

तूप अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त घातलं तर ते धुरण्याऐवजी भडकतं. तसं झालंच तर झाकण घालायचं आणि हात मागे घ्यायचा. हवा तुटली की ज्वाला क्षणात विझते. पाणी मारायचं नाही, पेटत्या तुपावर पाणी पडलं की ज्वाला वर उडते. लोणी वापरू नका, त्यातलं पाणी निखाऱ्यावर तडतडून बाहेर उडतं. नीट न कढलेलं घरचं तूपही तसंच वागतं. राजस्थानी वळण हवं असेल तर तुपाआधी दोन लवंगा किंचित ठेचून निखाऱ्यावर टाका. अख्खी लवंग कधी कधी फुटून उडते. चिमूटभर हिंगही छान लागतो, पण दोन्ही एकदम नको.

झाकणाला फट असेल तर कडेने ओलं फडकं पिळून गुंडाळा. कुकरला झाकण लावून, शिट्टी बसवून मात्र हे करू नका. त्याची काहीच गरज नसते आणि कुकरच्या रिंगला धुराचा वास इतका बसतो की पुढच्या आठवड्याच्या भातालाही तो येतो.

डाळीला तीन ते चार मिनिटं. झाकण स्वतःकडे नव्हे तर पलीकडे सरकवत काढा आणि सरळच बाजूला न्या, पातेल्यावर उलटं करू नका. त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर तपकिरी थेंब साचलेले असतात, ते धुराचं गोठलेलं रूप आहे आणि फार कडू असतं. ते डाळीत पडू न देता झाकण पुसून टाका. वाटी सांडशीने बाहेर काढा, मग डाळ ढवळा, कोथिंबीर आणि लिंबू घाला.

रायतं: इथे वेळ निम्मा

थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर गरमपेक्षा लवकर बसतो. फ्रिजमधलं दही म्हणूनच डाळीपेक्षा फार भरभर धूर ओढतं, आणि डाळीइतकाच वेळ ठेवलं तर खाताना जळक्या भांड्याची आठवण येते.

दुधी भोपळ्याचं रायतं घेऊ. साधारण ४०० ग्रॅम घट्ट, सायीच्या दुधाचं दही घुसळून पसरट स्टीलच्या भांड्यात घ्या. बिनसायीच्या दह्यात धूर टिकत नाही. दुधी किसून वाफवून, गार करून, पाणी पिळून बाजूला ठेवा. तो आत्ता दह्यात घालायचा नाही. धुंगार फक्त दह्याला द्यायचा आणि भाजी नंतर मिसळायची, कारण भाजी पाणी सोडते, दह्याचा वरचा थर पातळ होतो आणि धूर नीट धरत नाही. काकडी-कांद्याच्या रायत्यालाही हाच क्रम, मीठसुद्धा अगदी शेवटी.

वाट्यांची मांडणी तीच, फक्त उपडी वाटी थोडी उंच घ्या. कोळशाची वाटी दह्याला टेकली तर तिच्या कडेने दही फाटून पनीरसारखे कण होतात. निखारा ठेवा, तूप पाव चमचाच, त्याआधी दोन-चार जिऱ्याचे दाणे टाकलेत तर उत्तम. झाकण दीड ते दोन मिनिटं. काढून ढवळा, एक चमचा चाखा. धुराचा वास अर्ध्या तासाने आणखी खुलतो, म्हणून आत्ता किंचित कमी वाटत असेल तर ते बरोबर आहे. मग दुधी, मीठ, साखरेची कणी, हिरवी मिरची.

वांग्याच्या रायत्याला किंवा दह्यातल्या भरिताला धुंगार देऊ नये, असं माझं मत आहे. खानदेशात वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात तेव्हा त्यांच्या गरातच धूर मुरलेला असतो, त्यावर आणखी तुपाचा धूर म्हणजे एकावर एक अत्तर लावणं.

बिघडलं तर ओळखायचं कसं

घशाला खवखवणारा कडूपणा आला असेल तर झाकण जास्त वेळ राहिलं किंवा तूप जास्त पडलं. तूप फार जळलं की त्यातून डोळ्यांना आणि घशाला झोंबणारी द्रव्यं निघतात, ती हीच. डांबरासारखा वास असेल तर दोष कोळशाचा, तो पूर्ण फुललेला नव्हता किंवा चुकीचा होता. वासच लागला नाही तर बहुतेक वेळा निखाऱ्यावर राख साचलेली असते किंवा वाटीपर्यंत नेईस्तोवर तो मंदावलेला असतो.

लागलेला धूर काढून टाकायचा उपाय नाही, पातळ मात्र करता येतो. म्हणून पहिल्यांदा करताना तिसरा हिस्सा डाळ किंवा दही आधीच वेगळं काढून ठेवावं आणि चव पाहून मिसळावं. निखारा डाळीत पडला तर घाबरू नका, चिमट्याने काढा आणि डाळ गाळून घ्या. लाकडी कोळशाचा कण विषारी नसतो, फक्त दाताखाली येतो. रसायनाची वडी वापरली असेल आणि ती पडली असेल तर मात्र ती डाळ टाकून द्या.

निखाऱ्यावर स्निग्ध पदार्थ जळला की धुरात बेंझोपायरीनसारखी शरीराला अपायकारक द्रव्यंही थोड्या प्रमाणात असतात. म्हणून धुंगार कधीतरी, आणि कमी मिनिटांचा. रोजच्या वरणाला तो नको.

कोळसा विझवणं

पातेल्यातून वाटी काढली म्हणजे काम झालं असं नाही. झाकणाखाली हवा न मिळाल्याने निखारा वरून काळा दिसतो, पण आत धग असते आणि मोकळी हवा मिळाली की तो पुन्हा लाल होतो. कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकलेला असा कोळसा बऱ्याच वेळानेही आग लावू शकतो.

वाटीत पाणी ओतू नका, तळाशी गरम तूप असतं, ते उडतं. निखारा चिमट्याने उचलून मघाशी भरून ठेवलेल्या पातेल्यातल्या पाण्यात लांबून, हळू बुडवा. कोळसा पाण्यावर तरंगतो, त्यामुळे नुसता सोडून दिला तर वरची बाजू कोरडी आणि पेटती राहू शकते. चिमट्याने दाबून सगळा पाण्याखाली धरा, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि मग पंधरा मिनिटं पाण्यातच पडू द्या. वाटी आपोआप गार होऊ द्या, ती बराच वेळ हाताला भाजेल इतकी गरम असते.

भाजलंच तर भाजलेली जागा नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. मोठे फोड आले, किंवा चेहरा वा डोळा भाजला तर डॉक्टरकडे जा.

तूप प्यायलेला कोळसा वाळवून पुन्हा वापरू नये, त्यातलं जुनं तूप पेटवताना खवट धूर सोडतं. आणि उरलेली डाळ किंवा रायतं फ्रिजमध्ये ठेवताना घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच ठेवा. उघडं ठेवलंत तर सकाळी चहाच्या दुधालाही धुराचा वास येईल.